नोटीस पिरियड पूर्ण केल्यावर रिलीव्हिंग लेटर, अनुभव प्रमाणपत्र आणि फुल अँड फायनल: काय, कधी आणि कसं मागायचं

नोटीस पिरियड इमानदारीत पूर्ण केलेल्यांचीच कागदपत्रं जास्त अडकतात. मध्येच सोडून गेलेल्याला आपलं काहीतरी अडणार हे ठाऊक असतं, म्हणून तो आधीच पाठपुरावा करतो. पूर्ण नोटीस दिलेला माणूस मात्र निर्धास्त असतो. नव्या नोकरीत रुजू होतो, तिथला एचआर रिलीव्हिंग लेटर मागतो, मग हा जुन्या कंपनीला एक मेल टाकतो: ‘माझी सगळी कागदपत्रं आणि पैसे लवकरात लवकर पाठवा.’ या मेलला उत्तर येत नाही, कारण तो नेमका कोणाला उद्देशून आहे आणि त्यात काय मागितलंय, हेच समोरच्याला कळत नाही.

रिलीव्हिंग लेटर एचआर काढतं, पण सगळ्या विभागांचं क्लिअरन्स आल्यावर. अनुभव प्रमाणपत्रही एचआरच काढतं, मात्र बऱ्याच कंपन्यांत ते हिशेब चुकता झाल्यानंतर. फुल अँड फायनल, म्हणजे पैशांचा अंतिम हिशेब, पेरोल किंवा अकाउंट्सकडे असतो आणि तो पगाराच्या चक्राप्रमाणे चालतो. म्हणजे टेबलं वेगळी, अटी वेगळ्या आणि तारखाही वेगळ्या. मागणीही तशीच सुटी सुटी करावी लागते, आणि तिची सुरुवात शेवटच्या दिवसानंतर नाही, राजीनामा दिल्याच्या आठवड्यातच होते.

खाली सगळीकडे एकच उदाहरण घेतलंय. समजा, तुमचा नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे, तुम्ही मंगळवारी, २ जूनला राजीनामा मेल केला आणि नवी नोकरी सोमवारी, ३ ऑगस्टला सुरू होतेय.

## १. शेवटची तारीख लेखी घ्या, आणि ती मोजून बघा

२ जूनपासून ६० दिवस म्हणजे कोणती तारीख? २ जून हाच पहिला दिवस धरला तर साठावा दिवस ३१ जुलै, शुक्रवार. दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे ३ जूनपासून मोजलं तर १ ऑगस्ट, शनिवार. दोन्ही पद्धती कंपन्यांमध्ये चालतात. मॅनेजर तोंडी म्हणतो, ‘शुक्रवारपर्यंत या, शनिवारी कोण येतंय.’ एचआरच्या सिस्टीममध्ये मात्र १ ऑगस्ट पडलेली असते.

या एका दिवसाने काय काय बिघडतं ते बघा. शुक्रवारी तुम्ही लॅपटॉप देऊन गेलात, तर सिस्टीमच्या हिशेबाने नोटीस एक दिवसाने कमी पडली, म्हणून एका दिवसाचा पगार कापला जातो. तारीख १ ऑगस्टच राहिली तर त्या एका दिवसाचा पगार ऑगस्टच्या पेरोलमध्ये जातो आणि तुमचा अख्खा हिशेब महिनाभर पुढे ढकलला जाऊ शकतो. शिवाय पीएफमध्ये एक तारीख आणि रिलीव्हिंग लेटरवर दुसरी, असं झालं की पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये तेच बोट ठेवलं जातं.

म्हणून राजीनाम्यानंतर दोन-तीन दिवसांत एचआरला मेल करा, मॅनेजरला कॉपीत ठेवा:

‘नमस्कार. मी २ जून रोजी दिलेल्या राजीनाम्याची मंजुरी आणि माझा शेवटचा कामाचा दिवस कृपया लेखी कळवावा. नियुक्तीपत्रातल्या ६० दिवसांच्या नोटीसनुसार तो शुक्रवार, ३१ जुलै येतो असं मी धरतोय. सिस्टीममध्ये वेगळी तारीख असल्यास कृपया आत्ताच दुरुस्त करावी किंवा मला कळवावं.’

कंपनीचा पत्रव्यवहार इंग्रजीत चालत असेल तर इंग्रजीत लिहा, मुद्दे हेच ठेवा. उत्तर आलं की तो मेल पीडीएफ करून ठेवा. पुढच्या प्रत्येक वादात हाच कागद कामाला येतो.

सावधान: ‘अर्ली रिलीज’, म्हणजे नोटीस संपण्याआधी सोडणं, फक्त तोंडी ठरलं असेल तर ते ठरलेलंच नाही असं समजा. ‘नोटीसचे उरलेले दिवस माफ, वसुली नाही’ हे शब्द मेलमध्ये हवेत. ‘हरकत नाही, लवकर जा’ एवढ्यावर पेरोलवाला वसुली थांबवत नाही. त्याला सिस्टीममध्ये शॉर्टफॉल दिसतो, तो कापतो. त्याचं चुकतही नाही.

तपासा: मंजुरीच्या मेलमध्ये राजीनाम्याची तारीख, शेवटचा दिवस आणि ‘मंजूर’ हा शब्द, तिन्ही आहेत का? नुसतं ‘तुमचा मेल मिळाला’ म्हणजे मंजुरी नव्हे.

## २. शेवटचे पंधरा दिवस: आपला पुरावा आपल्या हातात

शेवटच्या दिवशी संध्याकाळी तुमचं लॉगिन बंद होतं. त्यानंतर पगाराची स्लिप, रजेची शिल्लक, मंजूर झालेली बिलं, यातलं काही दिसत नाही. जुलैच्या मध्यापासूनच हे काम हळूहळू उरकायला घ्या.

एचआर पोर्टलमध्ये संपर्कासाठी खासगी ईमेल आणि मोबाइल नंबर टाका, किंवा आधीचे असतील तर चालू आहेत का ते बघा. ही साधी गोष्ट राहून गेल्यामुळे कित्येकांचं रिलीव्हिंग लेटर बंद पडलेल्या ऑफिसच्या मेलवर जातं. कंपनी म्हणते पाठवलं, तुम्ही म्हणता मिळालं नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

सगळ्या पगाराच्या स्लिपा, नियुक्तीपत्र, पगारवाढीची आणि बढतीची पत्रं, आधीच्या वर्षांचे फॉर्म १६ उतरवून घ्या. रजेच्या शिल्लकीचा स्क्रीनशॉट तारखेसकट घ्या. राहिलेली प्रवासाची किंवा इतर खर्चाची बिलं याच काळात टाका, कारण नोकरी सोडल्यावर बिल टाकायची खिडकीच उरत नाही.

सावधान: फक्त स्वतःशी संबंधित कागद घ्या. कामाच्या फाइली, ग्राहकांच्या याद्या, कोड असं काही खासगी मेलवर पाठवलंत तर ते कंपनीच्या नोंदीत दिसतं आणि रिलीव्हिंग लेटर रोखायला कंपनीच्या हातात खरंखुरं कारण येतं.

क्लिअरन्स, म्हणजे नो ड्यूज, हा या काळातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. आयटी, अॅडमिन, फायनान्स, तुमचा विभाग, काही ठिकाणी लायब्ररी किंवा ट्रॅव्हल डेस्क, प्रत्येकाची मंजुरी लागते. फॉर्म ऑनलाइन असेल तर तो कोणाकडे अडकलाय हे दिसतं, रोज एकदा बघा. बहुतेक वेळा तो मॅनेजरकडेच अडकतो. त्याच्या मते हँडओव्हर पूर्ण झालेला नसतो, पण तसं तो तुम्हाला सांगत नाही. हँडओव्हरची यादी मेलवर पाठवून ‘यात काही राहिलं असेल तर बुधवारपर्यंत कळवा’ असं विचारलं की हा विषय शेवटच्या दिवसापर्यंत लोंबकळत राहत नाही.

## ३. शेवटच्या दिवसाच्या आठवडाभर आधी: मुख्य मागणीचा मेल

आपल्या उदाहरणात हा मेल शुक्रवारी, २४ जुलैला जातो. एचआर आणि पेरोल दोघांना पाठवा, मॅनेजर कॉपीत, आणि स्वतःचा खासगी मेलही कॉपीत. विषयाच्या ओळीत नाव, कर्मचारी क्रमांक आणि शेवटची तारीख हवी. रोज असे पन्नास मेल बघणारा माणूस विषयावरूनच फाइल शोधतो.

‘नमस्कार. माझा शेवटचा कामाचा दिवस शुक्रवार, ३१ जुलै आहे (मंजुरीचा मेल सोबत जोडला आहे). त्या अनुषंगाने पुढील माहिती मिळावी:
१. रिलीव्हिंग लेटर ३१ जुलैला मिळेल का? नसल्यास कोणत्या तारखेला, आणि त्यासाठी माझ्याकडून काय बाकी आहे?
२. अनुभव प्रमाणपत्र कोणत्या तारखेला मिळेल?
३. जुलैचा पगार नेहमीच्या तारखेला जमा होणार की अंतिम हिशेबात? हिशेबाचं विवरण मला कधी मिळेल आणि रक्कम कधी जमा होईल?
४. ग्रॅच्युइटीचा अर्ज वेगळा द्यायचा आहे का?
पुढील संपर्कासाठी माझा खासगी ईमेल कॉपीत आहे.’

लक्षात घ्या, यात ‘लवकरात लवकर’ कुठेच नाही. प्रत्येक मुद्द्याला तारीख विचारलीय. ‘लवकर’चं उत्तर ‘हो, करतो’ असं येतं. ‘कोणत्या तारखेला’ याचं उत्तर तारीखच असते, किंवा उत्तरच येत नाही, आणि तेही पुढे दाखवता येतं.

तिसरा मुद्दा बरेच जण विसरतात. नोटीसच्या शेवटच्या महिन्याचा पगार रोखून तो फुल अँड फायनलमध्येच द्यायची पद्धत अनेक कंपन्यांत आहे. हे आधी माहीत असलं तर घराचा हप्ता चुकत नाही.

### कायद्याची मुदत किती?

वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्या कलम १७ नुसार कर्मचाऱ्याने राजीनामा दिला असला तरी त्याचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं. आधीच्या १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात दोन दिवसांची तरतूद मालकाने काढून टाकलेल्यांपुरती होती. आता राजीनाम्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. शनिवार-रविवार सुट्टी असेल तर आपल्या उदाहरणात ही मुदत मंगळवारी, ४ ऑगस्टला संपते.

तरीही नियुक्तीपत्रात किंवा एचआरच्या पॉलिसीत ‘३० ते ४५ दिवस’ असं छापलेलं दिसेल. पहिल्याच मेलमध्ये कलम फेकू नका. त्याने काम लवकर होत नाही, मेल फक्त लीगलकडे जाऊन बसतो. आधी तारीख मागा. तारीख आली नाही किंवा पाळली गेली नाही, तर कलम कामाला येतं.

ग्रॅच्युइटीची मुदत वेगळी आहे. ती देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते आणि उशीर झाला तर त्यावर व्याज लागतं. कायम कर्मचाऱ्याला तिच्यासाठी सलग पाच वर्षांची सेवा लागते.

## ४. शेवटच्या दिवशी

लॅपटॉप, चार्जर, आयडी कार्ड, अॅक्सेस कार्ड, सिम, जे काही परत केलं त्याची पोच घ्या. पोच म्हणजे वस्तूचं नाव, सिरियल नंबर, तारीख आणि घेणाऱ्याची सही किंवा मेल. चार्जर आणि माउसही त्यात लिहून घ्या. लॅपटॉपची नोंद सगळे करतात, चार्जरची कोणी करत नाही, आणि महिन्याभराने हिशेबात चार्जरचे पैसे कापलेले निघतात.

लॉगिन बंद व्हायच्या आत ऑफिसच्या मेलवरून एक छोटा मेल टाका: हँडओव्हर पूर्ण, वस्तू परत, नो ड्यूजची सद्यस्थिती अशी अशी, कागदपत्रांसाठी खासगी मेल हा. पोचपावतीचा फोटो जोडा.

रिलीव्हिंग लेटर त्याच दिवशी हातात मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर ‘अमुक कर्मचारी ३१ जुलैला कामावरून मुक्त झाला’ एवढा एका ओळीचा मेल एचआरकडून मागा. नवी कंपनी तेवढ्यावर साधारणपणे रुजू करून घेते आणि मूळ पत्र द्यायला मुदत देते.

सावधान: ‘मला सर्व रक्कम मिळाली, आता कोणताही दावा नाही’ असं छापलेला कागद पैसे जमा होण्याआधी पुढे येऊ शकतो. तशीच सही करू नका. विवरण मिळालं असेल तर सहीच्या वर लिहा: ‘अमुक रुपये खात्यात जमा होण्याच्या अधीन राहून.’ विवरणच मिळालं नसेल तर ते आल्यावर सही करतो, असं नम्रपणे सांगा. भांडायची गरज नसते. हा शेरा एचआरवाल्यांना नवा नाही.

## ५. पत्रं आली की वाचा, फाइल करून विसरू नका

रिलीव्हिंग लेटर सांगतं की तुमचा राजीनामा मंजूर झाला आणि अमुक तारखेला कामकाजाच्या वेळेनंतर तुम्हाला मुक्त केलं. अनुभव प्रमाणपत्र सांगतं की तुम्ही अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक पदावर होता. काही कंपन्या दोन्ही एकाच पत्रात देतात. चालतं, फक्त दोन्ही गोष्टी त्यात असायला हव्यात.

तपासायचं ते इतकंच: नावाचं स्पेलिंग पॅनकार्डाप्रमाणे आहे का, रुजू झाल्याची तारीख नियुक्तीपत्राशी जुळते का, शेवटची तारीख मंजुरीच्या मेलशी जुळते का, पद शेवटचं आहे की रुजू होतानाचं, आणि पत्र लेटरहेडवर सही किंवा डिजिटल सहीसकट आहे का. सगळ्यात जास्त चूक पदाची होते. बढती झालेली असते, पण पत्राचा साचा जुन्या नोंदीतून पद उचलतो. आणखी एक गोंधळ त्यांचा होतो, जे आधी कंत्राटदाराच्या पेरोलवर होते आणि मग कायम झाले. कंपनी फक्त कायम झाल्यापासूनचा काळ लिहिते. तिच्या दृष्टीने ते बरोबर आहे. आधीच्या काळाचं पत्र त्या कंत्राटदाराकडूनच घ्यावं लागतं, आणि नोकरी चालू असतानाच घेतलेलं बरं.

चूक असेल तर फोन करू नका. मेलवर ‘आहे असं’ आणि ‘हवं असं’ या दोन ओळी लिहा आणि पुरावा जोडा. पत्र सहीसाठी पुन्हा जाणार असतं, त्यामुळे सगळ्या चुका एकाच मेलमध्ये सांगा.

## ६. फुल अँड फायनलचं विवरण: एक हिशेब पूर्ण करून

आता आपल्या उदाहरणातले आकडे. महिन्याचा एकूण पगार ६०,००० रुपये, त्यात बेसिक ३०,००० रुपये. सेवा सहा वर्षं दोन महिने. शेवटचा दिवस ३१ जुलै, तोही लेखी मंजूर झालेला. आयकर बाजूला ठेवू.

कंपनीकडून आलेलं विवरण असं होतं, असं समजा. जुलैचा पगार ६०,०००. रजेचे पैसे ११ दिवसांचे, दिवसाला १,००० प्रमाणे ११,०००. एकूण ७१,०००. वजावटीत पीएफ ३,६००, व्यवसाय कर २००, नोटीस एक दिवस कमी म्हणून २,००० आणि न मिळालेल्या वस्तूपोटी १,५००. हातात ६३,७००.

हे विवरण वरून खालीपर्यंत एकदा वाचून ‘ठीक दिसतंय’ म्हणणारे जास्त. त्याऐवजी प्रत्येक ओळीपुढे आपला कागद ठेवा.

रजेची ओळ घ्या. जुलैच्या मध्यात घेतलेल्या स्क्रीनशॉटमध्ये शिल्लक १२.५ दिवस आहे, विवरणात ११. फरक दीड दिवसाचा, कारण जुलै महिन्यात जमा झालेली दीड दिवसाची रजा पेरोलने धरलीच नाही. पॉलिसीत शेवटच्या महिन्याची रजा जमा होते असं असेल तर १,५०० रुपये येणं आहे. दिवसाचा दर कसा काढला तेही बघा. इथे बेसिक भागिले ३० केलंय. काही कंपन्या २६ ने भागतात, तेव्हा दर १,१५४ च्या आसपास जातो. दोन्हींपैकी कोणता लागू, हे रजेच्या पॉलिसीत लिहिलेलं असतं. मनाने ठरवायचं नाही.

नोटीस कमी पडल्याची ओळ: सिस्टीममध्ये १ ऑगस्ट तशीच राहिली होती. मंजुरीच्या मेलमध्ये ३१ जुलै आहे, तो जोडला की २,००० परत. (खरोखरच नोटीस कमी पडली असेल आणि वसुलीवर जीएसटी लावला असेल, तर तो लागत नाही. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ते स्पष्ट केलंय.)

वस्तूची ओळ: चार्जर. पोचपावती जोडली की १,५०० परत.

आता बरोबर हिशेब: ६०,००० अधिक १२,५०० म्हणजे ७२,५००, वजा ३,८००, हातात ६८,७००. फरक बरोबर ५,००० रुपयांचा. तीन ओळी, तीन पुरावे, एक मेल. ‘रक्कम कमी वाटतेय, कृपया तपासा’ असं लिहिलंत तर पेरोलवाला तेच विवरण पुन्हा पाठवेल, कारण त्याच्या सिस्टीममध्ये ते बरोबरच आहे.

ग्रॅच्युइटी यात नाही, ती वेगळी यायला हवी. सूत्र असं:

```
शेवटचा मासिक बेसिक (+ डीए) × १५ ÷ २६ × सेवेची वर्षं
३०,००० × १५ ÷ २६ × ६ = १,०३,८४६
```

सहा वर्षांवरचे दोन महिने धरले जात नाहीत. सहा महिन्यांहून जास्त असते तर पूर्ण वर्ष धरलं असतं. नव्या कामगार संहितांमध्ये वेतनाची व्याख्या बदललीय: वगळायचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरची रक्कम वेतनातच धरायची. आपल्या उदाहरणात बेसिक बरोबर निम्मं आहे, म्हणून फरक पडत नाही. तुमचं बेसिक एकूण पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच असेल तर ग्रॅच्युइटी कोणत्या रकमेवर काढली, हे आवर्जून विचारा.

## ७. उत्तर आलं नाही तर: पायऱ्या चुकवू नका

पहिलं स्मरणपत्र ५ ऑगस्टला, आधीच्या मेललाच उत्तर म्हणून. नवा मेल सुरू करू नका, साखळी तुटते. दोन ओळी पुरेत: २४ जुलैच्या मेलमधले कोणते मुद्दे बाकी आहेत आणि त्यांची तारीख काय.

आठवडाभर थांबून दुसरं स्मरणपत्र, या वेळी एचआर प्रमुख कॉपीत. इथे कायद्याचा उल्लेख करा: ‘वेतन संहितेच्या कलम १७ नुसार जुलैच्या वेतनाची मुदत ४ ऑगस्टला संपली आहे. रक्कम कोणत्या तारखेला जमा होईल ते लेखी कळवावं.’ आवाज चढवायचा नाही. धमकीचा मेल एचआर लीगलकडे पाठवून मोकळं होतं. शांत आणि तारखांनी भरलेल्या मेलला कोणाला तरी उत्तर द्यावंच लागतं.

त्यानंतरही काही हललं नाही तर रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्टाने कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पत्र पाठवा, सोबत सगळ्या मेलच्या प्रती. पुढची पायरी कामगार आयुक्त कार्यालय. वेतनाच्या थकबाकीचा दावा करायला वेतन संहितेत तीन वर्षांची मुदत आहे, पण तितकं थांबायचं कारण नाही.

एक मर्यादा समजून घ्या. पैशांसाठी कायदा नेमका आहे. रिलीव्हिंग लेटर प्रत्येक खासगी कर्मचाऱ्याला अमुक दिवसांत द्यावंच, असं सगळ्यांना सारखं लागू होणारं एकच कलम नाही. ते नियुक्तीपत्र, कंपनीचे स्थायी आदेश आणि पॉलिसी यांवर अवलंबून असतं. म्हणून पत्रासाठीच्या पाठपुराव्यात कलमापेक्षा ‘तुमच्याच पॉलिसीत इतके दिवस लिहिलेत आणि माझं क्लिअरन्स अमुक तारखेला पूर्ण झालंय’ हा मुद्दा जास्त चालतो.

दरम्यान नवी कंपनी घाई करत असेल तर तिला हे द्या: राजीनामा मंजुरीचा मेल, शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा, नो ड्यूज पूर्ण झाल्याचा स्क्रीनशॉट आणि पाठपुराव्याची मेलसाखळी. बहुतेक एचआर यावर काही आठवड्यांची मुदत देतात. बनावट लेटर करून द्यायच्या फंदात मात्र पडू नका. व्हेरिफिकेशनचा मेल थेट जुन्या कंपनीकडे जातो.

## ८. मागून राहणाऱ्या दोन गोष्टी

पीएफची बाहेर पडण्याची तारीख. ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर `View > Service History` मध्ये जुन्या कंपनीपुढे तारीख आली का, ते सप्टेंबरच्या शेवटी बघा. ती नसेल तर आधी कंपनीला कळवा. शेवटची वर्गणी जमा झाल्यानंतर दोन महिने उलटले की `Manage > Mark Exit` मधून तुम्ही स्वतःही ती टाकू शकता. टाकताना रिलीव्हिंग लेटरवरचीच तारीख टाका, कारण एकदा नोंदली की ती बदलणं कटकटीचं असतं.

आणि आयकर. एप्रिल ते जुलैच्या पगाराची माहिती नव्या कंपनीला लेखी द्या. ती दिली नाही तर नवी कंपनी तुमचं उत्पन्न ऑगस्टपासूनच सुरू झालं असं धरते, दोन्ही ठिकाणी स्टँडर्ड डिडक्शन आणि कमी दराचे टप्पे वापरले जातात, आणि रिटर्न भरताना एकदम मोठा कर भरावा लागतो. जुन्या कंपनीचा पगारातून कापलेल्या कराचा दाखला, म्हणजे आधीचा फॉर्म १६, त्या आर्थिक वर्षानंतरच्या १५ जूनपर्यंत मिळायला हवा. तो कोणत्या मेलवर येणार आहे, हे फुल अँड फायनलचा विषय चालू असतानाच विचारून ठेवा, कारण तोवर तुमच्या ओळखीचा एचआरवाला बहुधा दुसरीकडे गेलेला असतो.